'मुंबई स्पिरिट' आणि खोटी जाणीव: विचारप्रणालीच्या चिकित्सेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विचारप्रणाली म्हणजे एखाद्या पक्षाची विचारसरणीच ना?

रोजच्या बोलण्यात तसंच म्हणतात. हा डावा, तो उजवा, ही त्यांची विचारसरणी. चिकित्सक सिद्धांतात, म्हणजे मार्क्सपासून आडोर्नोसारख्या फ्रँकफर्टच्या विचारवंतांपर्यंत आणि पुढे चालत आलेल्या परंपरेत, या शब्दाचा अर्थ बराच मर्यादित आहे. एखादी समाजव्यवस्था माणसांनी घडवलेली असते आणि ती बदलता येण्याजोगी असते. ती निसर्गाने दिलेली आहे, किंवा लोकांनी आपखुशीने निवडलेली आहे, असं भासवणारी समजूत म्हणजे विचारप्रणाली. पण एवढ्याने भागत नाही. त्या भासामुळे ती व्यवस्था टिकायला हातभारही लागला पाहिजे. दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. नुसती चुकीची समजूत ही विचारप्रणाली नव्हे. अमावस्येला नारळ फोडला की गाडीला अपघात होत नाही, असं कुणी मानत असेल तर ती समजूत चुकीची आहे. तिच्यामुळे कुणाची सत्ता टिकते हे दाखवता येत नाही तोवर तिला विचारप्रणाली म्हणायचं कारण नाही.

'खोटी जाणीव' ही मार्क्सची कल्पना आहे का?

मार्क्सने हा शब्द वापरलेला नाही. तो येतो त्याचा सहकारी एंगेल्स याच्या एका पत्रात. हे पत्र त्याने 14 जुलै 1893 रोजी फ्रान्झ मेरिंगला लिहिलं, मार्क्स जाऊन तोवर दहा वर्षं झाली होती. एंगेल्स तिथे म्हणतो ते साधारण असं: विचारवंत विचार करतो तो जाणीवपूर्वकच, पण त्याला हलवणाऱ्या खऱ्या प्रेरणा त्याच्या लक्षात येत नाहीत. आपला विचार निव्वळ विचारातूनच निघाला, असं त्याला वाटत राहतं.

म्हणजे मूळ आरोप भोळ्या कामगारावर नाही, लिहित्या-वाचत्या माणसावर आहे. हे ध्यानात ठेवलं की पुढचे बरेच गैरसमज आपोआप टळतात. पुढे 1923 मध्ये जॉर्ज लुकाचने ही कल्पना कामगारवर्गाकडे वळवली. लोकांच्या डोक्यात आज प्रत्यक्षात काय आहे हे एका बाजूला, आणि आपली परिस्थिती पूर्ण समजली असती तर त्यांनी काय विचार केला असता हे दुसऱ्या बाजूला, अशी फोड त्याने केली. ती कामाची आहे, पण धोकादायकही आहे. 'समजली असती तर' काय झालं असतं, हे ठरवायचं कुणी? पुढे कम्युनिस्ट पक्षानेच ते ठरवलं आणि त्याचे परिणाम जगाने पाहिले.

फेक न्यूज आणि विचारप्रणाली यांत फरक काय? दोन्ही खोटंच की.

फेक न्यूज तपासून खोडता येते. फोटो जुना आहे, व्हिडिओ दुसऱ्या शहरातला आहे, हे दाखवलं की विषय संपतो. विचारप्रणालीचा मजकूर अनेकदा शंभर टक्के खऱ्या विधानांचा बनलेला असतो. म्हणून फॅक्ट-चेकच्या चाळणीतून तो सहज निसटतो.

नमुन्यादाखल एक मथळा घेऊ. अशा धाटणीचे मथळे प्रत्येक मुंबईकराने वाचलेले आहेत: 'मुंबईकरांच्या जिद्दीला सलाम! दुसऱ्याच दिवशी शहर पूर्वपदावर'. यात खोटं काय आहे? लोक खरंच कामावर गेले. लोकल खरंच धावल्या. फोटोतली गर्दीही खरी. तरीही या मथळ्यात काहीतरी गडबड आहे असं अनेकांना वाटतं, आणि ती गडबड नेमकी कुठे आहे हे सांगता येत नाही. हे पान मुख्यतः त्या एका गडबडीबद्दल आहे.

मग 'मुंबई स्पिरिट'चंच उदाहरण नीट सोडवून दाखवता का?

तीन प्रसंग शेजारी-शेजारी ठेवू.

26 जुलै 2005. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्याच वेळी कुलाब्याला जेमतेम 74. रेल्वे बंद, रस्ते पाण्याखाली, लोक रात्रभर चालत घरी निघालेले. वाटेवरच्या वस्त्यांनी अनोळखी माणसांना पाणी दिलं, बिस्किटं दिली, घरात घेतलं. 11 जुलै 2006. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये संध्याकाळच्या गर्दीत सात स्फोट झाले. काही तासांत गाड्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या सकाळी लोक पुन्हा त्याच गाड्यांना लटकले. 29 सप्टेंबर 2017. एल्फिन्स्टन रोड आणि परळ ही स्थानकं जोडणाऱ्या पादचारी पुलावर सकाळच्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि 23 माणसं मेली.

तीनही घटनांची कारणं वेगळी आहेत. पहिलीत पाऊस आणि गटारं, दुसरीत घातपात, तिसरीत अरुंद पूल. आपत्तीनंतर 'मुंबई थांबत नाही' हे पालुपद मात्र कारण कोणतंही असो, तसंच्या तसं लावता येतं. पहिली खूण हीच. एकच स्पष्टीकरण इतक्या वेगवेगळ्या कुलपांना लागत असेल, तर ते त्या घटनेबद्दल काहीच सांगत नाही.

आता आकडे बघा. मुंबईची पर्जन्यजल वाहिन्यांची जुनी व्यवस्था ताशी 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली होती, आणि तेही समुद्राला ओहोटी असताना. ही क्षमता ताशी 50 मिलिमीटरपर्यंत न्यावी, असं सांगणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल 1993 मध्ये तयार झाला होता. 2005 च्या पुराच्या बारा वर्षं आधी. इथे एक पथ्य पाळायला हवं. 50 ची क्षमता असती तरी 26 जुलैचं सगळं पाणी वाहून गेलं असतं, असं नाही. त्या दिवसाचा बराचसा पाऊस दुपारनंतरच्या काही तासांतच कोसळला होता. पूर आलाच असता. तो किती चढला असता आणि किती तास राहिला असता, हा प्रश्न उरतो, आणि तो बारा वर्षं पडून राहिलेल्या अहवालाकडे जातो. 'स्पिरिट'ची बातमी तिथपर्यंत पोचतच नाही. तिचा शेवट माणसांच्या जिद्दीपाशी होतो.

एल्फिन्स्टनच्या पुलाचं प्रकरण याहून बोलकं आहे. तो पूल गिरणगावाच्या काळातला होता. 1982 च्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या आणि त्या जमिनींवर कार्यालयं, मॉल, टोलेजंग इमारती आल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम 58 गिरण्यांच्या जमिनींबद्दलचा आहे. ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, असा तो हिशेब होता. 2001 मध्ये नियम बदलला. गिरणीची इमारत उभी होती ती जागा या वाटणीतून वगळली गेली आणि शहराच्या वाट्याला फारच थोडी जमीन उरली. कार्यालयांत रोज येणारी माणसं वाढली, स्थानकाचा जिना आणि पूल मात्र होता तेवढाच राहिला. पश्चिम रेल्वेच्या चौकशीत भर दिला गेला तो अचानक आलेल्या पावसावर. पाऊस आला होता, ते खरंच आहे. लोक आडोशाला पुलावर थांबले, हेही खरं. पण त्याच पावसात तिप्पट रुंद पुलावर काय झालं असतं?

तर 'स्पिरिट' करतं काय? गटार, पूल, नियम 58 या सगळ्यांच्या जागी ते एक गुण आणून ठेवतं. गुण माणसांच्या अंगात असतो, म्हणून जबाबदारीही माणसांकडेच जाते.

पण लोकांनी खरंच एकमेकांना मदत केली. तीही खोटी म्हणायची का?

मुळीच नाही. तिला खोटी म्हणणारा टीकाकार पहिल्याच पायरीवर घसरतो. 26 जुलैच्या रात्रीची मदत खरी होती. आडोर्नोचा एक मुद्दा इथे उपयोगी पडतो: विचारप्रणाली निव्वळ थाप नसते, तिच्यात सत्याचा अंश असतो आणि म्हणूनच ती पटते. खोटेपणा शिरतो तो त्या अंशाचा भलत्याच गोष्टीला पुरावा म्हणून वापर केल्यावर. शेजाऱ्याने पाणी दिलं, ही एकमेकांना धरून राहण्याची गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी लोकलला लटकणं ही वेगळी गोष्ट आहे. मथळा दोन्ही एकाच शब्दात गुंडाळतो, आणि पहिलीचा मोठेपणा दुसरीच्या अंगाला लागतो.

'खोटं' नेमकं कशा अर्थाने? विधानं तर खरी आहेत.

तत्त्वज्ञ रेमंड ग्यूस याने 1981 मध्ये याची तीन अंगांनी मांडणी केली. आजही याहून सोयीची मांडणी सापडणं कठीण. एखादी समजूत तिच्यातल्या आशयामुळे फसवी असू शकते, ती जे काम बजावते त्यामुळे असू शकते, किंवा ती जिथून आली त्यामुळे असू शकते.

आशयाकडे पाहिलं तर 'स्पिरिट' सक्तीला निवड म्हणतं. घरकाम करणाऱ्या बाईचा एक खाडा झाला की पगार कापला जातो. नाक्यावर उभा राहणारा कामगार त्या दिवशी आला नाही, तर त्या दिवसाची चूल पेटायची अडचण. कार्यालयात तीन लेट मार्कांची अर्धी रजा. ही माणसं कामावर गेली, यावरून त्यांच्या जिद्दीबद्दल काहीच सिद्ध होत नाही, कारण न जाण्याचा पर्याय त्यांच्याकडे नव्हताच. जिद्द मोजायची तर भरपगारी सुट्टी मिळत असताना कोण गेलं, ते बघावं लागेल. कामाकडे पाहिलं तर ही समजूत पुलाच्या रुंदीचा प्रश्न अनावश्यक करून टाकते. उगमाकडे पाहिलं तर ती बोलतं कोण हे महत्त्वाचं ठरतं. एरवी मुंबईकर स्वतःबद्दल 'आज माझं स्पिरिट उसळलं' असं कधी म्हणत नाही. हा शब्द दुसऱ्याबद्दल वापरला जातो, बहुतेक वेळा त्या दिवशी घरी बसण्याची सोय असलेल्याकडून.

तीनही अंगांना सारखं वजन नाही. उगमाचं अंग सगळ्यांत कच्चं. एखादी गोष्ट श्रीमंताने सांगितली म्हणून ती खोटी ठरत नाही. उगमावरून फक्त संशय घ्यावा, निकाल आशयावर द्यावा.

म्हणजे संपादक आणि राजकारणी मिळून हे ठरवतात का?

कट गृहीत धरण्याची काहीच गरज नाही, आणि बहुतेक वेळा तो नसतोच. पण 'कट नाही' म्हणून थांबलं तर मोठा प्रश्न अंगावर येतो. एखाद्या समजुतीचा कुणाला तरी फायदा होतो, एवढ्यावरून ती त्या फायद्यासाठीच टिकली, असं म्हणता येत नाही. पावसाचा फायदा छत्रीवाल्याला होतो, म्हणून पाऊस त्याच्यासाठी पडत नाही. मायकल रोझेनने 1996 मध्ये या परंपरेवर जो घणाघात केला, त्याचा गाभा हाच होता: फायदा आणि टिकणं यांच्यामधली यंत्रणा दाखवा, नाहीतर सिद्धांत मागे घ्या.

इथे ती यंत्रणा दाखवता येते. आपत्तीच्या दुसऱ्या सकाळी बातमी हवी असते. पुलाची रुंदी, निविदा, नियमावलीतली दुरुस्ती, यांची कागदपत्रं मिळवायला आठवडे लागतात. गर्दीच्या लोकलचा फोटो सकाळी आठला मिळतो. त्या फोटोला मथळा लागतो, आणि मथळ्याचा साचा मागच्या वेळचा तयारच असतो. त्या साच्यावर कुणी नोटीस पाठवत नाही, कुणी जाहिरात काढून घेत नाही, आणि वाचकालाही स्वतःबद्दल चांगलं वाचायला आवडतं. शेअर भराभर होतात. प्रत्येक जण आपापलं काम नेटाने करतो, आणि त्यातून तयार होणारं चित्र पालिका, रेल्वे आणि बांधकाम व्यावसायिक यांच्या सोयीचं निघतं. एंगेल्सचं पत्र इथे पुन्हा आठवावं. वार्ताहर खोटं बोलत नाही. आपल्याला हाच मथळा का सुचला, एवढं मात्र त्याच्या लक्षात येत नाही.

आजकाल सगळ्यांनाच हे कळतं. मीम येतात, लोक 'स्पिरिट'ची टर उडवतात. मग खोटी जाणीव उरली कुठे?

हा या पानावरचा सगळ्यांत कठीण प्रश्न. 'कसलं स्पिरिट, नाही गेलो तर पगार कापतील' हे वाक्य लोकलच्या कुठल्याही डब्यात ऐकू येतं. खोटी जाणीव म्हणजे 'लोकांना माहीत नसणं' असं धरलं, तर सिद्धांत इथेच बुडतो.

पेटर स्लोटरडाइकने 1983 मध्ये या अवस्थेला 'प्रबुद्ध खोटी जाणीव' म्हटलं. सगळं कळतं आणि तरी तसंच वागलं जातं. स्लावोय झिझेकने पुढे त्यातून निष्कर्ष काढला की भ्रम डोक्यात नसतो, वागण्यात असतो. ऐकायला हे चमकदार आहे, पण एक धोका आहे. पगार कापला जाईल म्हणून कामावर जाणाऱ्याच्या वागण्यात भ्रम कुठे आहे? ती शुद्ध नाइलाजाची गोष्ट आहे. नाइलाज आणि विचारप्रणाली यांची सरमिसळ करणं, ही या क्षेत्रातली सर्रास होणारी चूक.

वागण्यातून संमती कशी तयार होते हे समजून घ्यायचं असेल, तर 'स्पिरिट'पेक्षा डिलिव्हरी ॲपकडे बघावं. तिथे कामगाराला 'पार्टनर' म्हणतात, आणि हा शब्द फसवा आहे हे प्रत्येक रायडरला ठाऊक असतं. त्या शब्दाने कुणी फसत नाही. पण दिवसाच्या ठरावीक ऑर्डर पूर्ण केल्या की बोनस, एक ऑर्डर कमी पडली की बोनस नाही, ही रचना बघा. रात्री साडेदहाला रायडरच्या डोक्यात दोनच आकडे असतात: किती झाल्या आणि किती उरल्या. समाजशास्त्रज्ञ मायकल बुरावॉयने 1974-75 मध्ये शिकागो भागातल्या एका कारखान्यात यंत्रावर काम करताना नेमकं हेच पाहिलं आणि 1979 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तिथे नगावर पैसे मिळत. ठरलेल्या कोट्याच्या 125 टक्क्यांपासून 140 टक्क्यांपर्यंत पोचायचं, त्यापुढे जायचं नाही, असा खेळ कामगारांनीच तयार केला होता. व्यवस्थापनाला शिव्या देत ते तो मन लावून खेळायचे. बुरावॉयचं म्हणणं असं की खेळ खेळायला लागलं की त्याचे नियम मान्य करून झालेले असतात. मग भांडण होतं ते कोटा गाठता आला की नाही यावर. कोटा कुणी आणि का ठरवला, हा प्रश्न मागे पडतो.

मार्क्सने 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडात, 1867 मध्येच, नगावरची मजुरी हे वेळेवरच्या मजुरीचंच बदललेलं रूप आहे असं दाखवलं होतं. नगावर पैसे मिळाले की कामगाराला वाटतं आपल्या प्रत्येक नगाचे पूर्ण पैसे मिळाले. ॲपवर हे आणखी पक्कं होतं, कारण दोन ऑर्डरींमधला उभं राहण्याचा वेळ हिशेबात दिसतच नाही. रायडरने पैशांबरोबर ॲप चालू असण्याचे एकूण तास लिहून ठेवले आणि कमाईतून पेट्रोल वजा करून उरलेल्या रकमेला त्यांनी भागलं, तर जो ताशी दर निघतो तो स्क्रीनवर कुठेच लिहिलेला नसतो. भ्रम असलाच तर तो या न लिहिलेल्या आकड्यात आहे, 'पार्टनर' या शब्दात नाही.

हे सगळं 'आम्ही शहाणे, लोक मूर्ख' असं होत नाही का?

होतं, पुष्कळदा होतं. त्यावर आपल्याकडेच एक उत्तम उतारा आहे आणि तो या चर्चेत फारसा आणला जात नाही. डॉ. आंबेडकरांची श्रेणीबद्ध विषमतेची मांडणी. खालच्या थरांतली माणसं अन्यायी व्यवस्था का सहन करतात, याला त्यांचं उत्तर 'त्यांना कळत नाही' असं नाही. पायऱ्यांच्या रचनेत अगदी तळाचा सोडला तर प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असतं, म्हणून प्रत्येकाला ती रचना टिकण्यात थोडाफार खराखुरा फायदा असतो. वरच्याविरुद्ध सगळ्यांची एकजूट होत नाही ती अज्ञानामुळे नव्हे, या हिशेबामुळे. युरोपातली बरीच चर्चा मालक आणि कामगार अशा दोनच पायऱ्या धरून चालली, त्यामुळे तिला 'भ्रम' हा शब्द जास्त लागला.

म्हणून कुणी एखादी व्यवस्था मुकाट मान्य करताना दिसला, की तीन शक्यता या क्रमाने तपासाव्यात. त्याच्यापुढे पर्याय आहे का? पर्याय असेल, तर या व्यवस्थेत त्याचा काही खरा लाभ आहे का? दोन्ही नसेल, तरच जाणिवेकडे वळावं. खोटी जाणीव हे शेवटचं स्पष्टीकरण असायला हवं. बहुतेक टीकाकार सुरुवातच तिथून करतात.

राज्यशास्त्रज्ञ जेम्स स्कॉटचा इशाराही इथेच लक्षात घ्यावा. सत्तेपुढे लोक जे बोलतात आणि आपापसांत जे बोलतात, त्यात फरक असतो. टीव्हीच्या माइकसमोर 'मुंबई थांबत नाही' म्हणणारा माणूस डब्यात काय म्हणतो, हे ऐकल्याशिवाय त्याच्या जाणिवेबद्दल काही लिहू नये.

रोजचं राशिभविष्य, प्रेरणादायी रील, यांनाही हे लागू होतं का?

होतं. आडोर्नोने लॉस एंजेलिसच्या एका दैनिकातल्या भविष्याच्या सदराचा नोव्हेंबर 1952 ते फेब्रुवारी 1953 एवढ्या काळाचा अभ्यास केला होता. भविष्य खरं ठरतं का, हा त्याचा प्रश्नच नव्हता. त्याने सल्ले पाहिले. सकाळी नेमून दिलेलं काम मुकाट करा, संध्याकाळी मौज करा. वरिष्ठांशी जुळवून घ्या, पण ठसाही उमटवा. एकमेकांना छेद देणाऱ्या मागण्या दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांना वाटून दिल्या, की विरोध दिसेनासा होतो. 'पहाटे पाचला उठा' सांगणारी रील याच नजरेने बघावी. उठणं चांगलं की वाईट हे बाजूला ठेवा. बदलापूरहून साडेपाचची लोकल पकडणाऱ्याला ती रील काय सांगते, एवढंच बघा.

स्वतः एखादी बातमी तपासायची तर सुरुवात कशी करावी?

एकाच घटनेवरच्या सात-आठ बातम्या घ्या, त्याहून कमी घेतल्या तर एका वार्ताहराची लकब आणि साचा यांतला फरक कळत नाही. मथळे जसेच्या तसे उतरवून काढा. प्रत्येकात कर्ता कोण आणि क्रियापद काय, तेवढंच अधोरेखित करा. 'मुंबईकरांनी मात केली' इथे कर्ता आहे. 'पाणी साचलं', 'पूल कोसळला' इथे पाणी आणि पूल आपले आपणच कामाला लागतात. चांगल्या गोष्टींना माणूस कर्ता आणि वाईट गोष्टींना कुणीच नाही, अशी वाटणी बहुतेक बातम्यांत सारखीच दिसली, तर साचा सापडला.

मग मथळा उलटा लिहून बघा. 'रजा न मिळाल्याने लोक धोकादायक पुलावरून पुन्हा कामावर'. ही बातमीही त्याच तथ्यांवर उभी राहते का? राहत असेल, तर आधीच्या मथळ्याने तथ्यं नव्हे, अर्थ पुरवला होता. उभी राहत नसेल, समजा त्या दिवशी खरंच सुट्टी जाहीर झालेली असेल आणि तरी लोक मदतीला बाहेर पडले असतील, तर तुमचा संशय चुकीचा होता आणि तो सोडून द्यावा. ही सोडून देण्याची अट आधीच कागदावर लिहून ठेवा. नाहीतर कुठलीही बातमी विचारप्रणाली वाटू लागते, आणि मग या पद्धतीचा काहीच उपयोग राहत नाही.

शेवटी एक ठोस भौतिक अडथळा शोधा. कुठल्या यंत्रणेचा, कुठल्या वर्षीचा, कुठला निर्णय. तो सापडला नाही तर तुमच्याकडे फक्त नाराजी आहे, चिकित्सा नाही.

'पुरे झालं आता ते स्पिरिट' असे लेख दरवर्षी येतात. ती चिकित्सा नव्हे का?

काही असतात. पण तोही आता साचाच झाला आहे, पहिल्या जोरदार पावसानंतर दोन-तीन दिवसांत हमखास येणारा. त्याची खूण ओळखायला सोपी आहे. त्यात 'प्रशासन', 'व्यवस्था', 'राजकारणी' असे शब्द असतात, विशेषनाम एकही नसतं. वाचकाला राग येतो, रागाला जायला जागा नसते, आणि पुढच्या पावसाळ्यात तोच लेख पुन्हा चालतो. 'स्पिरिट'ने जिद्दीपाशी थांबवलं होतं, हा लेख संतापापाशी थांबवतो. पूल दोन्हींत येत नाही.

अशा लेखाला एकच परीक्षा लावा. भरतीच्या वेळी समुद्राचं पाणी उलटं आत शिरू नये म्हणून नाल्यांची तोंडं बंद करावी लागतात, आणि तेव्हा आतलं पावसाचं पाणी उपसून बाहेर टाकायला पंपिंग स्टेशन लागतात. ब्रिमस्टोवॅडखाली अशी आठ ठरली होती: हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझधरबंध, मोगरा आणि माहुल. पहिली सहा झाली. मोगरा आणि माहुल जागेच्या वादांत वर्षानुवर्षं अडकली. अंधेरी सबवे किंवा किंग्ज सर्कल तुंबल्यावर आलेल्या लेखात मोगरा किंवा माहुल हे नाव आहे का, ते शोधा.